टाळूवरची खपली: भिजवावी, धुवावी, खरवडू नये

बाळ तीन-चार आठवड्यांचं होतं आणि एखाद्या दिवशी अंघोळीनंतर डोकं पुसताना टाळूवर काहीतरी चिकटलेलं दिसतं. सुरुवातीला ते साबणाचं राहिलेलं वाटतं. पंच्याने पुसलं तर निघत नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिथे पिवळट, मेणचट पापुद्र्यांचा थर जमतो. कुठे तो पातळ असतो, कुठे जाड आणि भेगाळलेला. जावळाचे केस त्यात जखडून जातात. कधी असेच बारीक पापुद्रे भुवयांवर आणि कानांच्या मागेही दिसतात. घरात कोणी म्हणतं, डोकं नीट धुतलं जात नाही. कोणी म्हणतं, तेल कमी पडतंय. आणि कोणाचं तरी नख हळूच त्या खपलीच्या कडेखाली जातं.

डॉक्टर याला क्रेडल कॅप म्हणतात. तान्ह्या बाळांमध्ये ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात हजाराहून अधिक लहान मुलांची त्वचा तपासली गेली होती. त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन महिन्यांतल्या दर दहा बाळांपैकी सुमारे सात जणांच्या डोक्यावर थोडीफार खपली आढळली. बहुतेकांची सौम्य होती आणि वर्षभराच्या पुढे हे प्रमाण झपाट्याने घटत गेलं. खपली असलेलं बाळ दूध नीट पितं, नीट झोपतं, डोकं फारसं खाजवत नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि अस्वच्छतेमुळे होत नाही. बाळंतिणीने काय खाल्लं याच्याशीही त्याचा संबंध नाही. तेव्हा त्यावरून सुनेला बोल लावायचं काही कारण नाही.

मग होतं तरी कशामुळे? याचं उत्तर बहुधा बाळ पोटात असतानाच्या काळात सापडतं. आईच्या रक्तातले काही हार्मोन वारेतून बाळाकडे जातात आणि त्यांचा परिणाम जन्मानंतरही काही महिने टिकतो. बाळाच्या स्वतःच्या शरीरातही सुरुवातीला असे हार्मोन तयार होत असतात. त्वचेतल्या तेलग्रंथींना या हार्मोनमुळे चालना मिळते. या ग्रंथी डोक्यावर, भुवयांपाशी आणि कानांच्या आसपास सर्वांत जास्त असतात, म्हणून खपलीही तिथेच दिसते. पुढे काही महिन्यांत हा जोर ओसरतो आणि ग्रंथी थेट वयात येईपर्यंत जवळपास निवांत राहतात. खपली आपोआप जाते ती यामुळेच. जे औषध त्या सुमारास चालू असतं, त्याला श्रेय मिळतं.

या तेलावर जगणारं एक सूक्ष्म यीस्ट आहे, मलासेझिया. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी 1874 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पुढे त्यांचंच नाव त्याला मिळालं. मोठ्या माणसांच्या डोक्यातल्या कोंड्यामागेही हेच असतं. ते आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहतं आणि बाळाच्या अंगावरही पहिल्या काही आठवड्यांतच वस्तीला येतं. त्याला स्वतःला लागणारी स्निग्धाम्लं तयार करता येत नाहीत, म्हणून ते त्वचेवरचं तेल फोडून त्यातली घेतं. फोडताना जे उरतं, त्यातल्या काही घटकांनी त्वचा चिडते. चिडलेल्या त्वचेत नव्या पेशी नेहमीपेक्षा भराभर तयार होतात आणि जुन्या सुट्या होऊन गळून पडायच्या ऐवजी तेलात चिकटून थरावर थर साचतो. हा थर म्हणजेच खपली. त्यात मळ नाही. आहेत त्या बाळाच्याच त्वचेच्या मेलेल्या पेशी आणि त्यांना धरून ठेवणारं त्याच्याच त्वचेचं तेल.

एवढं कळलं की उपाय कसा चालतो हेही कळतं. पेशींना चिकटवणारा पदार्थ तेलकट आहे, म्हणून नुसत्या पाण्याने तो सुटत नाही. वरून लावलेलं तेल पापुद्र्यांच्या फटींत शिरतं, घट्ट झालेलं जुनं तेल सैल करतं आणि थर मऊ पडतो. मग शाम्पू येतो. तो हे नवंजुनं सगळं तेल पाण्यात मिसळू देतो आणि सुटलेले पापुद्रे त्याच्याबरोबर वाहून जातात. म्हणजे तेल हे इथे भिजवण्यासाठी आहे. ते डोक्यावर ठेवून देण्यासाठी नाही.

आपल्याकडे नेमकी गडबड होते ती इथे. टाळू भरण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर आहे. अंघोळीच्या आधी आणि पुष्कळदा अंघोळीनंतरही टाळूवर खोबरेल किंवा एरंडेल थापलं जातं. खोलगट, धडधडणारी टाळू पाहून भीती वाटते, म्हणून तिथे शाम्पू लावायचा नाही, हात फिरवायचा नाही, वरून नुसतं पाणी सोडायचं, असाही नेम असतो. परिणाम असा की जिथे तेल सर्वांत जास्त पडतं, तिथेच धुणं सर्वांत कमी होतं. खपली बहुतेक वेळा टाळूवरच सर्वांत जाड असते, त्यात या सवयीचाही वाटा असू शकतो. रोज ओतलेलं आणि न धुतलेलं तेल खपली मऊ करत नाही. ते तिला नवा चिकटा पुरवतं.

टाळूबद्दलची भीती समजण्यासारखी आहे, पण धुण्यापुरती ती सोडून द्यायला हरकत नाही. कवटीची हाडं तिथे अजून जुळलेली नसतात. पुढची टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरून येते. मात्र मधली जागा उघडी नसते. तिथे चिवट पडदा असतो आणि त्यावर बाकी डोक्यासारखीच त्वचा असते. बोटांच्या पेरांनी शाम्पू चोळला, मऊ ब्रश फिरवला तर तिला काही होत नाही. जोराने दाबायचं मात्र नाही. वरून तेल ओतल्याने टाळू लवकर भरते असंही नाही, कारण ती भरते हाडं वाढल्यामुळे.

आता तेल कोणतं वापरावं? या कामासाठी सगळ्यांत सोयीचं म्हणजे खनिज तेल. बाजारातल्या बऱ्याच बेबी ऑइलचा मुख्य घटक तोच असतो आणि बाटलीवर त्याचं नाव मिनरल ऑइल किंवा लिक्विड पॅराफिन असं छापलेलं असतं. साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेलीही चालते. यांचा फायदा असा की मलासेझियाला यातून खाद्य मिळत नाही. वनस्पती तेलांचं तसं नाही. प्रयोगशाळेत मलासेझिया वाढवायचं असतं तेव्हा त्याच्या खाद्यात तेल किंवा चरबी घालावी लागते आणि त्यासाठी ऑलिव्ह तेल सर्रास वापरलं जातं. परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेली ऑलिव्ह तेलाची बाटली म्हणूनच बाळाच्या डोक्यासाठी नको. शिवाय त्यात ओलिक आम्ल भरपूर असतं आणि ते त्वचेचं वरचं संरक्षक आवरण ढिलं करतं. इंग्लंडमधल्या एका प्रयोगात मोठ्या माणसांच्या हातांवर ऑलिव्ह तेल काही आठवडे लावून पाहिलं, तेव्हाही हे दिसलं होतं.

खोबरेलाबद्दल मी इतकी कडक भूमिका घेणार नाही. त्यातली काही स्निग्धाम्लं या यीस्टला चालतात हे खरं, पण वीस मिनिटं लावून ते नीट धुऊन टाकलं तर त्याचा त्रास होण्याचं कारण नाही. घरात तेच असेल तर तेच वापरावं. फक्त त्यात कापूर टाकलेला नसावा, हे मात्र पक्कं बघावं. कोंड्यासाठी किंवा सर्दीसाठी खोबरेलात कापूर घालून ठेवलेली बाटली अनेक घरांत असते. मोठ्यांना ती चालून जाते. तान्ह्या बाळाच्या त्वचेतून कापूर अंगात शिरतो आणि त्यामुळे झटके आल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. कापराची बाटली बाळाच्या तेलाजवळ ठेवूसुद्धा नये. मोहरीचं तेल झोंबतं, त्याने त्वचा लाल होते, तेही टाळावं. एरंडेल फार चिकट. ते निघता निघत नाही, म्हणून या कामाला गैरसोयीचं.

शेंगदाणा आणि बदाम तेलाचा मुद्दा वेगळा आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2003 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की ज्या मुलांना पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या पुरळ आलेल्या, चिडलेल्या त्वचेवर लहानपणी शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली होती. खाद्यपदार्थ पोटातून गेला तर शरीर त्याला सहसा ओळखीचा मानतं; फुटलेल्या त्वचेतून गेला तर त्याला परका समजण्याची शक्यता वाढते. खपलीखालची त्वचा आधीच चिडलेली असते. ती नखाने ओरबाडली आणि वर बदाम तेल चोळलं, तर आपण स्वतःच हा रस्ता उघडून देतो.

प्रत्यक्ष धुणं कसं करावं, ते एका घराच्या उदाहरणाने पाहू. समजा, साताऱ्यात माहेरी आलेली बाळंतीण आहे. बाळ अडीच महिन्यांचं. टाळूपासून कपाळाच्या कडेपर्यंत पिवळी खपली आहे, मध्यभागी बऱ्यापैकी जाड. त्वचा खपलीच्या कडेला किंचित गुलाबी, पण ओली नाही आणि वास येत नाही. न्हाऊ घालायला रोज मालिशवाल्या मावशी येतात. त्या आजवर रोज टाळू भरत आल्या आहेत आणि डोक्याला डाळीचं पीठ लावतात.

पहिला बदल म्हणजे डोक्यावरचं पीठ बंद. अंगाला लावायचं की नाही हा घरचा प्रश्न, पण डोक्यावर पिठाचे कण खपलीच्या भेगांत अडकतात आणि घासल्याशिवाय निघत नाहीत. अंघोळीच्या आधी वीस मिनिटं चहाचा अर्धा चमचा तेल वाटीत घ्यायचं. गरम करायची गरज नाही; थंडीत गोठलेलं खोबरेल असेल तर वाटी कोमट पाण्यात ठेवून पातळ करावं आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावं. मग बोटांच्या पेरांनी ते फक्त खपलीवर हलकेच पसरायचं. सगळं डोकं माखायचं कारण नाही. कपाळावरून डोळ्यांत ओघळ येणार नाही इतकंच तेल हवं. मध्यभागी खपली जाड आहे, तिथे हवं तर आणखी थोडा वेळ जाऊ द्यावा. तेल मुरत असताना बाळाला दूध पाजून घेतलं तरी चालतं.

वीस मिनिटांनी मऊ केसांचा बाळाचा ब्रश घ्यायचा. त्याचे केस आपल्या गालावर टोचत नसतील तर तो योग्य. कोरड्या डोक्यावरच तो लहान लहान गोल करत हलक्या हाताने फिरवायचा, एक-दोन मिनिटं. ब्रशवर पिवळट चुरा दिसू लागेल. मध्यभागचा जाड भाग आज बहुधा जागचा हलणार नाही. तो तसाच राहू द्यायचा. मग कोमट पाण्याने डोकं ओलं करायचं. पाण्यात आपलं कोपर बुडवलं तर ते ना गरम लागावं ना गार. बाळाचा सौम्य शाम्पू तळहातावर वाटाण्याएवढा घेऊन, थोड्या पाण्यात फेसाळून तो टाळूसकट सगळ्या डोक्याला लावायचा, मिनिटभर पेरांनी फिरवायचा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायचा. डोकं हाताला अजून तेलकट लागत असेल तर तसाच आणखी एकदा. शेवटी बाळाचं डोकं मागे झुकवून, कपाळावर आडवा हात धरून पाणी सोडलं की डोळ्यांत जात नाही. कोरडं करताना पंचा दाबून टिपायचा, घासायचा नाही. आणि नंतर डोक्याला तेल लावायचं नाही. ही शेवटची गोष्ट मावशींच्या गळी उतरवणं सगळ्यांत अवघड जातं, हे कबूल. अंगाचं मालीश नेहमीसारखं चालू ठेवलं आणि डोक्याचं तेल अंघोळीच्या आधी लावायचं आहे एवढंच सांगितलं, तर त्याही सहसा ऐकतात.

शाम्पू साबणापेक्षा बरा का, तर साध्या साबणाच्या वडीचं पाणी अल्कधर्मी असतं आणि बाळाच्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी. रोजच्या साबणाने तो थर कोरडा पडतो, चिडतो. बाळाच्या शाम्पूमध्ये सौम्य फेसकारक वापरलेले असतात आणि त्याची आम्लता त्वचेच्या जवळपास ठेवलेली असते. सुवास जितका कमी, तितकं उत्तम. महागड्या खास बाटलीची गरज नाही.

आपल्या साताऱ्याच्या बाळाला हे एक दिवसाआड करायचं. तिसऱ्या धुण्यापर्यंत कडेचे पातळ भाग गेलेले असतील. मध्यभागचा थर कडांनी वर उचलला जाईल, त्याच्या आत अडकलेले केस सुटे होऊ लागतील. या वेळी एखादा पापुद्रा त्वचेपासून पूर्ण सुटून नुसता केसांना लटकलेला दिसला, तर तो केसाच्या टोकाकडे सरकवत काढून घ्यायला हरकत नाही. त्वचेला चिकटलेल्या कडेला मात्र हात लावायचा नाही. दोनेक आठवड्यांत बहुतेक डोकं मोकळं झालं की तेल बंद करून आठवड्यातून दोन-तीनदा नुसता शाम्पू आणि ब्रश चालू ठेवावा. थोडी खपली परत येईल, कारण तेलग्रंथींचा जोर अजून ओसरलेला नाही. ती आली की पुन्हा तसंच भिजवावं.

खरवडणं इतकं ठामपणे का नाकारायचं, हे आता जवळून पाहू. बाळाच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मोठ्या माणसापेक्षा सुमारे 30 टक्के पातळ असतो. खपलीचा वरचा भाग मेलेला असला, तरी तिचा तळ या पातळ, जिवंत आणि आधीच चिडलेल्या त्वचेला घट्ट धरून असतो. पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवलं तर अख्खं सुटतं आणि कोरडं ओढलं तर खालचा कागद घेऊन येतं, तसंच इथे होतं. नखाने उचकटलेल्या खपलीची खालची बाजू पाहिली तर ती कधी ओलसर, कधी लालसर दिसते. ती ओल म्हणजे त्वचेतून आलेला द्रव. त्यावर हवा लागली की तो वाळून नवी खपली धरतो, आणि ही खपली पहिल्यापेक्षा वेगळी असते. ती तेलाची नसून रक्तद्रवाची असते. तेलाने ती मऊ पडत नाही. घरातली मंडळी मग म्हणतात की तेलाचा काही उपयोग नाही, आणखी जोर लावून काढायला हवं. असं करत करत साध्या खपलीची जखम होते.

दुसरं, नखांच्या खाली आणि आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू असतात. अखंड त्वचेवर ते काही करत नाहीत. ओरखडा मिळाला की आत शिरतात. मग खपलीचा रंग मधासारखा होतो, खालून पाणी किंवा पू येतो, वास येतो, कानामागे किंवा मानेवर गाठ लागते, डोक्याला हात लावला की बाळ रडतं. इतकं झालं की घरगुती उपाय थांबवून बाळाला डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि पुष्कळदा प्रतिजैविकं द्यावी लागतात. ज्या गोष्टीला काहीच औषध लागलं नसतं, तिच्यापायी दोन महिन्यांच्या बाळाला प्रतिजैविक द्यावं लागतं, हे मला फार खटकतं.

तिसरं म्हणजे, खरवडल्याने खपली कमीही होत नाही. त्वचेला इजा झाली की ती पेशी आणखी वेगाने तयार करते, म्हणजे पापुद्रे वाढतातच. लिखा काढायची बारीक दातांची फणी, खरखरीत कापड, मिठाने किंवा साखरेने चोळणं, यांचाही परिणाम असाच होतो. खपलीबरोबर केसांचा झुबका आला की घरात घाबरगुंडी उडते. खरं तर दोन-तीन महिन्यांच्या सुमारास जन्माच्या वेळचे बरेच केस तसेही गळतात आणि नवे येतात. पण जखम खोल जाऊन चिघळली तर मात्र केसांची मुळंही दुखावली जाऊ शकतात.

खपली निघाल्यावर सावळ्या बाळांच्या डोक्यावर, कपाळावर कधी फिकट चट्टे दिसतात. ते कोड नसतं. सुजलेल्या त्वचेत रंग तात्पुरता कमी झालेला असतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो परत येतो. त्या चट्ट्यांवर काही लावू नये.

औषधी शाम्पूंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते दुकानात सहज मिळतात. या आजारावरच्या उपचारांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2019 मध्ये घेतला. जगभरातून त्यांना मोजके सहाच अभ्यास सापडले, त्यांत मिळून 310 मुलं होती, आणि कोणताही एक उपचार दुसऱ्यापेक्षा नक्की सरस आहे असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. जो आजार आपोआप बरा होतो आणि ज्यावर कुठलंही औषध ठामपणे सरस ठरलेलं नाही, त्यात सर्वांत कमी अपाय करणारा मार्ग आधी धरावा, असा मी याचा अर्थ घेतो. खपली पसरली, लाली वाढली, तर डॉक्टर 2 टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू किंवा मलम, नाहीतर थोड्या दिवसांसाठी सौम्य हायड्रोकॉर्टिझोन देतात. ते मोजून, ठरावीक दिवस वापरायचं असतं. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू बाळाला लावू नये, विशेषतः सॅलिसिलिक आम्ल असलेला. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने खूप मोठं असतं. मोठ्या माणसात डोकं आणि मान मिळून त्वचेचा सुमारे 9 टक्के भाग व्यापतात, तर तान्ह्या बाळात त्याच्या दुप्पट. तेवढ्या जागेतून औषध अंगात शिरलं तर ते बाळाच्या वजनाच्या मानाने फार होतं. तसंच, दुकानदाराने दिलेली स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र केलेली मलमंही लावू नयेत. त्यांतलं स्टेरॉइड पुष्कळदा फार तीव्र असतं. बाळाच्या त्वचेवर त्यांचं काहीही काम नाही.

डोक्यावरचे सगळेच पापुद्रे क्रेडल कॅपचे नसतात. बाळ डोकं गादीवर घासतं, रात्री खाजेने उठतं, गाल कोरडे आणि लाल असतात, तेव्हा तो बहुधा एक्झिमा असतो आणि त्याचे उपचार वेगळे. केस तुटून गोल टक्कल पडलं तर गजकर्णाची शंका घ्यावी. खपलीच्या जागी रक्ताळलेले बारीक ठिपके दिसत असतील, जांघेत आणि काखेतही तसंच पुरळ असेल आणि काही केल्या हटत नसेल, तर थांबू नये. क्वचित कधी त्यामागे रक्तपेशींचा गंभीर आजार निघतो. सगळ्या अंगाची त्वचा लाल होऊन सोलत असेल, सोबत जुलाब असतील आणि बाळाचं वजन वाढत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. एरवी महिनाभर नीट भिजवून धुतल्यावरही फरक पडला नाही किंवा वर्ष उलटून गेल्यावरही जाड खपली राहिली, तरी एकदा दाखवून घेतलेलं बरं.

शेवटचा मुद्दा जावळाचा. बाळाच्या पहिल्या वर्षात जावळ काढायचं ठरतं तेव्हा अनेकांच्या मनात असतं की वस्तऱ्याने खपलीही आपसूक निघून जाईल. वस्तऱ्याचं पातं सपाट त्वचेवर चालतं. खपलीच्या उंचवट्यावर ते अडकतं आणि तिचा तळ कापून काढतं. त्यानंतर त्याच ओल्या जागेवर हळद किंवा चंदन लावलं जातं. मुहूर्त पुढे ढकलता येत असेल तर खपली जाईपर्यंत ढकलावा. नसेल येत, तर आदल्या आठवड्यात तेल आणि शाम्पूने डोकं शक्य तितकं मोकळं करून घ्यावं, खपली उरलेल्या जागेवर वस्तरा न फिरवता कात्रीने केस आखूड करावेत, पातं नवं आहे हे स्वतः पाहावं आणि केस कापणाऱ्या दादांना हे सगळं मामाच्या मांडीवर बाळ बसवण्याच्या आधीच सांगून ठेवावं.